सरांचा बिलियन

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मला इंग्रजी दिलं ते कुरुंदवाडच्या शाळेतल्या सरांनी. निवृत्तीनंतर त्यांनी शाहूपुरीत भाषांतराचं छोटं ऑफिस काढलं आणि बी.ए. झाल्यावर मलाही बोलावून घेतलं. हे उपकार मी विसरलेलो नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ऑफिस चालायचं ते कागलच्या एमआयडीसीतल्या बेअरिंगच्या एका कारखान्यावर. त्यांच्या परदेशी कंपनीची पत्रकं कामगारांसाठी मराठीत करायची असत. दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. ते तुटलं तर सरांचं ऑफिस बंद, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

लाख आणि मिलियनमध्ये सर कधी चुकले नाहीत. पाव मिलियन म्हटलं की अडीच लाख, साडेबारा मिलियन म्हटलं की सव्वा कोटी. कागद न घेता सांगायचे. अडलं ते बिलियनवर. पत्रकात होतं, कंपनीने आजवर १.७५ बिलियन बेअरिंग बनवली. मी लिहिलं, पावणेदोन अब्ज, म्हणजे एकशे पंच्याहत्तर कोटी. सरांनी ते खोडून पावणेदोन लाख कोटी केलं.

त्यांच्या तरुणपणीच्या विलायती शब्दकोशात बिलियन म्हणजे मिलियन गुणिले मिलियन, म्हणजेच एक लाख कोटी, असं छापलेलं होतं. तेव्हा ते बरोबरही होतं. आता विलायतेतसुद्धा हजार मिलियनच धरतात, हे मी सांगून पाहिलं. जगाची लोकसंख्या सहा बिलियन म्हणतात, ती सहाशे कोटी. तुमच्या हिशेबाने सहा लाख कोटी माणसं होतील, असंही म्हणालो.

"बाळ, वर्तमानपत्रं अमेरिकेचा बिलियन उचलतात," सर शांतपणे म्हणाले. "मी चाळीस वर्षं हेच शिकवलंय."

मजकूर त्यांनी स्वतःच नेऊन दिला. पत्रक छापून वाटलं गेलं.

आठवड्याभरात कारखान्याचे मॅनेजर आले. पत्रक टेबलावर ठेवून म्हणाले, "सर, आमची पोरं हसत्यात की. म्हणत्यात, बेअरिंगं हायत का वाळूचं कण?"

सरांनी शब्दकोश उघडून पुढे केला. मॅनेजरांनी तो वाचला, आदराने मिटला आणि सरांच्या हातात परत दिला.

"तुमचं बरोबर असंल. पण पुढचं काम पुण्याला दिलंय. साहेबांनी ठरवलं, माझ्या हातात काय न्हाय."

ते गेल्यावर सरांनी शब्दकोश पुन्हा उघडला आणि त्याच ओळीवर बोट ठेवलं. पुस्तक खोटं कसं ठरलं, हे त्यांना समजत नव्हतं. संध्याकाळी कुलूप लावताना म्हणाले, "कोटीपर्यंतचं काम आलं तर घेऊ. त्यापुढचं नको."

आम्ही रोज ऑफिस उघडत राहिलो. कोटीपर्यंतचंही कुणी आणलं नाही.