पैलवानाची शेपटी

शाळेत त्यांना सगळे शेडिंगबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. सव्वीस वर्षं चित्रकला शिकवताना त्यांनी एकच गोष्ट लावून धरली होती: समोर दिसतं तेवढंच काढायचं, पदरचं काही घालायचं नाही. सफरचंदाला कुणी हौसेनं पान जोडलं, की शेजारी लाल पेन्सिलीचा गोल. "पान कुठून आलं? टेबलावर आहे का? मग?"

तर शाळेनं खेळाच्या संघांसाठी मॅस्कॉट, म्हणजे शर्टावर छापायचं बोधचिन्ह, ठरवायचं काढलं. मुलांनी मतदान करून निवडला पैलवान. पैलवान म्हणजे ग्रंथपालकाकांचा बोका. वाचनालयात उंदीर झाले म्हणून काकांनी त्याला एकदा टोपलीतून आणलं, तेव्हापासून तो रोज येतो. उंदीर त्यानं आजवर एकही धरला नाही. परत आलेल्या पुस्तकांवर बसून राहणं, एवढंच काम तो मन लावून करतो.

चित्र काढायचं काम शेडिंगबाईंकडे आलं. काकांनी फोनमधला फोटो दिला आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मुदत दिली. "शुक्रवारी सकाळपर्यंत. जमलं तर उत्तमच. नाहीतर शर्ट छापणाऱ्या छपाईवालीच्या नमुन्यांच्या वहीत तयार सिंह आहे, तो घेऊन टाकू."

'घेऊन टाकू' हे शेडिंगबाईंना लागलं. आपण धडधाकट इथे बसलोय आणि शाळेचं चित्र बाहेरच्या वहीतून? इतक्या वर्षांत त्यांचं एकही चित्र सूचनाफलकाच्या पलीकडे गेलं नव्हतं. पोरांच्या छातीवर परका सिंह बघत उरलेली नोकरी काढायची, ही कल्पनाच त्यांना सोसेना.

दोन दिवस खपून त्यांनी पैलवान काढला. केस न् केस. मिशांची मुळं. डोळ्यातली खिडकीची चमक. काका बघतच राहिले. "बाई, हात लावला तर गुरगुरेल हो!"

बुधवारी दुपारी त्या चित्र घेऊन छपाईवालीकडे गेल्या. ही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. कोपरापर्यंत शाई, कानामागे पेन आणि जीभ शाळेत होती तशीच.

"वा, बाई! भिंतीवर लावा."

"भिंतीवर कशाला? शर्टावर छाप."

"शर्टावर? थांबा." तिनं चित्र झेरॉक्सच्या यंत्रात घातलं आणि अंगठ्याएवढं करून बाहेर काढलं. "खिशावर एवढंच येणार. काय दिसतं सांगा."

बाईंनी कागद जवळ धरला, लांब धरला. "भाजलेला बटाटा," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मी नाही हं म्हटलं! हे बघा." तिनं जाळी ताणलेली चौकट उजेडात धरली. "शाई या भोकांतून खाली उतरते. तुमचे बारीक केस एकमेकांना चिकटणार, त्यांच्यामधल्या फटी भरून जाणार. आणि शर्ट पिवळा, रंग एकच काळा. म्हणजे राखाडी विसरा, शेडिंग विसरा. ठसठशीत आकार हवेत, दोन-तीन. नुसती सावली बघून पोरांनी ओरडलं पाहिजे, 'पैलवान!'"

"फोटोत तो असाच बसलाय. पाय पोटाखाली."

"मग फोटो सोडा."

"आणि मनाचं काढू?"

"मला काय विचारता, बाई? मला तर तुम्ही चित्रकलेत अडतीस मार्क दिले होते."

"छत्तीस," बाई म्हणाल्या आणि चित्र गुंडाळून निघाल्या.

गुरुवारी पहिला तास तिसरीचा. बाईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं. वर्गाला कामाला लावावं म्हणून त्यांनी फोटो फळ्यावर चिकटवला. "पैलवान काढा."

दहा मिनिटांनी त्या रांगांमधून फिरू लागल्या आणि त्यांचा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे गेला. पहिल्याच वहीत बोक्याला भलीमोठी वाकडी शेपटी.

"शेपटी कुठे आहे फोटोत? दाखव."

"फोटोत नाहीये, बाई."

"मग का काढलीस?"

"पैलवानाला आहे ना पण!" मुलीला प्रश्नच कळला नव्हता. "शेपटी नसेल तर तो कोण?"

शेजारच्या वहीतही शेपटी. मागच्याही. बाई थबकल्या. पैलवानाची शेपटी लहानपणीच कुठेतरी अडकून टोकाला वळली होती, थेट छत्रीच्या मुठीसारखी. तो वाचनालयातल्या पुस्तकांच्या ढिगांमागून चालला, की ती मूठच तेवढी वरून सरकताना दिसे. फोटोत ती त्याच्याखाली दबली होती.

बाईंनी फळ्यावरचा फोटो काढून घेतला.

"आता नवीन पान. फोटो नाही, एकच मिनिट. आठवेल तेवढंच काढायचं."

"बाई, चुकलं तर?"

"चुकू दे."

शेडिंगबाईंच्या तोंडून हे कुणीच ऐकलं नव्हतं.

मिनिटभरात छत्तीस पैलवान गोळा झाले. बाईंनी ते स्टाफरूममधल्या टेबलावर मांडले. मिशा फक्त चौघांनी काढल्या होत्या. डोळ्यातली चमक कुणीच नाही. पण गरगरीत पोट सगळ्यांचं, छातीवरचा पांढरा ठिपका जवळजवळ सगळ्यांचा, आणि शेपटी एकाचीही सुटली नव्हती.

मग बाईंनी पेन्सिल बाजूला ठेवून कात्री घेतली. कात्रीनं कागदातून बोक्याचा एकेक केस काढता येत नाही, हेच बरं होतं. काळ्या कागदाचा मोठा गोल झाला पोट. त्यावर छोटा गोल, डोकं. दोन त्रिकोण, कान. छातीचा ठिपका आणि डोळे कापून भोकं ठेवली; तिथून शर्टाचा पिवळा दिसणार. शेपटी बोटाएवढी जाड. आधी ती अंगाला चिकटली आणि दुरून किटली वाटू लागली. बाईंनी ती उचलून पोटापासून लांब सरकवली, मध्ये ऐसपैस फट ठेवली. आणि झेरॉक्सवर अंगठ्याएवढं केलं, तरी पैलवान पैलवानच राहिला.

शुक्रवारी मोठ्या बाईंच्या खोलीत छपाईवाली सिंहाची वही उघडूनच बसली होती. काकाही आले होते. चित्र बघून त्यांचा चेहरा पडला.

"बाई, अहो, मिशा कुठे? आणि एवढं पोट? तो जरा भरलेला आहे, इतकंच."

"काका, हे छत्तीस साक्षीदारांचं म्हणणं आहे," बाई म्हणाल्या आणि दोन्ही छोटे कागद, सिंह आणि बोका, हातात घेऊन दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. "मोठ्या बाई, चष्मा काढा."

"मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही."

"म्हणूनच."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, डोळे बारीक केले. "डावीकडे... सूर्यफूल आहे का?"

"सिंह आहे," छपाईवाली पुटपुटली.

"आणि उजवीकडे, इश्श, हा पैलवानच की!" मोठ्या बाईंनी चष्मा चढवला आणि नमुन्यांची वही मिटून छपाईवालीकडे सरकवली. "किती वाजता सुरू करताय?"

काका काही बोलणार होते. "पोट जरा..." त्यांनी सुरुवात केली, पुन्हा चित्राकडे पाहिलं, आणि त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. "जाऊ दे. तो कुठे आरशात बघतोय!"

दुपारी कारखान्यात चौकट शर्टावर टेकली. छपाईवालीनं शाई ओढायची रबरी पट्टी बाईंच्या हातात दिली. "दाब सारखा ठेवा. मध्ये थांबायचं नाही."

बाईंनी बाह्या वर सारल्या, श्वास धरला आणि पट्टी वरून खाली ओढली. चौकट उचलली. पिवळ्यावर काळाभोर, ओलसर, शेपटी वर करून पैलवान बसला होता.

"आणखी एक दे," बाई म्हणाल्या.

"बाई, एकशे नव्याण्णव आहेत अजून."

"मग बोलत काय बसलीस? दे."