तीनशे शर्टांची परीक्षा

चंद्रपूरच्या दुकानदाराने मला प्लॅन लिहून मागितला, तेव्हाच मला त्याचा संशय आला. शाळेच्या गणवेशाचे दोन हजार शर्ट द्यायचे म्हणत होता. कापड त्याचं, शिलाई आमची. रोज किती नग निघतील, कापड किती वाया जाईल, एका नगाचा दर किती, हे सगळं कागदावर मागत होता. मी म्हटलं, काम बघा, कागद कशाला? तो म्हणाला, "बाई, आधी तीनशे शर्ट करून दाखवा. शनिवारी संध्याकाळी मी वरोऱ्याला येतो. पूर्ण असतील तर ऑर्डर तुमची. नसतील तर नागपूर आहेच."

तीन वर्षांपूर्वी अशाच एका दुकानदाराने कापड कमी आल्याचं सांगून माझे शिलाईचे सगळे पैसे कापून घेतले होते. चिंध्या मोजून दाखवा म्हणाला, तर कचरा कोण ठेवतो? मी तेव्हा ठेवला नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे कापडाचा रोल आला की आधी वजनकाट्यावर जातो, आणि कटिंग टेबलाखालची प्रत्येक चिंधी पोत्यात. लोक हसतात. हसू दे. काज-बटण करून पोट भरणाऱ्या बाईने आठ मशिनी उभ्या केल्या, त्या कुणावर विश्वास टाकून केल्या नाहीत.

प्लॅन मी दोन दिवसांत लिहिला. शर्टाचे तुकडे पाडले: कॉलर, पट्टी-खिसा, खांदा जोडणं, बाही आणि बाजूची शिलाई, खालची घडी, काज-बटण. प्रत्येक कामाला नगामागे दर ठरलेलाच होता. ज्या बाईने जितके नग केले, तितके पैसे. वाया जाणारं कापड म्हणून, मापात न बसणारे थानाचे शेवट आणि डागी तुकडे मिळून चार टक्के लिहिले. मशिनी रिकाम्या राहण्याचा वेळ कुठे धरायचा, ते मला कळलं नाही. मी शून्य लिहिलं. नगावर काम असताना रिकामं कोण बसेल?

बायांना मी ऑर्डरबद्दल काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दर वाढवून मागितले असते, याची मला खात्री होती. नेहमीचं काम म्हणून मंगळवारी कापड लावलं. कटिंग मास्तरने सगळे शर्ट कापून वीस-वीसची पंधरा बंडलं बांधली आणि प्रत्येकावर नंबर लिहिला. हा मास्तर माझ्याकडे दोन वर्षांपासून होता. वयाने मोठा, बोलायला कमी. कमी बोलणारा माणूस मला कधी पचला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तयार शर्ट मोजले. दोनशे वीस. पुन्हा मोजले. तेवढेच. मशिनीवर एकही बंडल नव्हतं, बाया पाचच्या बसने गावी निघून गेल्या होत्या. म्हणजे ऐंशी शर्ट कुठे गेले? माझ्या डोक्यात एकच नाव आलं. कापडाला हात फक्त त्याचा लागतो. राजुऱ्याला त्याच्या जावयाचं शिलाईचं दुकान आहे, हेही आठवलं.

एरवी मी सकाळी बाजारातून दोरा, बटणं घेऊन अकराला युनिटवर येते. शनिवारी साडेआठलाच पोचले आणि मास्तरला घरून बोलावून घेतलं.

"चिंध्या काट्यावर ठेवा," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "काऊन?"

"ऐंशी शर्ट नाई सापडून राह्यले."

"अन् ते माह्या घरी आहेत म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाई. काटा म्हणेल."

पोतं ठेवलं. आमचा हिशेब साधा. सहा किलो कापडातून अंदाजे एक किलो चिंधी निघते, आकारांमधल्या फटींची. रोल अठ्ठेचाळीस किलो होता. ऐंशी शर्टांचं कापड न कापता बाहेर गेलं असतं, तर चिंधी सहा किलोच्याही खाली आली असती. काटा आठवर थांबला. म्हणजे सगळं कापड कापलं गेलं होतं.

"मग कापलेलंच गेलं असेल," मी म्हटलं. तेव्हा थांबायला हवं होतं, हे आता लिहिताना कळतं.

मास्तरने पोतं काट्यावरून उतरवलं. इतक्यात आतल्या खोलीतून मशिनीचा आवाज आला. साडेनऊ झाले होते, बाया आल्या होत्या. पण मशिनीवर चालवणार काय? काम तर संपलं होतं.

आत गेले. चार मशिनी चालू होत्या. बाही लावणारी बाई मशिनीखालच्या पिशवीतून शर्टाचं एकेक बिनबाहीचं अंग काढत होती. बंडलाचा नंबर अकरा.

"हे कुठून आलं?"

"कालचं व्हय, बाई."

"कालचं काल काऊन नाई केलं?"

ती मान खाली घालून शिलाई पूर्ण करत बोलली, "सकायी आल्यावर मले काम कुठी असते? खांदे जोडून येतात तवा अकरा वाजतात. तवरोक फुकट बसू का? बसचं तिकीट तर लागतेच. म्हून आदल्या दिवशीचं एक बंडल राखून ठेवतो. सगळ्याच ठेवतात."

"तुमी अकराले येता, तुमाले काय दिसते?" काज-बटणवाली म्हणाली. तिच्या पलीकडच्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

चार बाया, चार बंडलं, ऐंशी शर्ट. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. आवाज चढवून मी म्हटलं, संध्याकाळी दुकानदार येणार आहे, हे तीनशे पुरे झाले नाहीत तर दोन हजारांचं काम नागपूरला जाईल.

मशिनी थांबल्या.

"हे मंगळवारीच सांगाचं ना," बाहीवाली म्हणाली. "मंग काल बंडल कोणी ठेवलं असतं?"

मग सौदा झाला. तिथल्या तिथे, उभ्यानेच. बंडल आलं नाही तर बसण्याच्या तासाला ठरावीक पैसे, असं त्यांनी मागितलं. मी अर्धे सांगितले. त्या मशिनीवरून हात काढून बसल्या. मी पाऊण म्हटलं. बाहीवालीने बाकीच्यांकडे पाहिलं आणि सुई खाली केली. खांदेवालीचं बंडल सर्वांत मागे होतं, ते आधी हातात घेतलं. मी स्वतः दोरे कापायला बसले. दुपारी जेवायलाही कुणी उठलं नाही.

दुकानदार सहाला आला तेव्हा शेवटचे सात शर्ट इस्त्रीत होते. त्याने एकेक कॉलर उलटून पाहिली. मग प्लॅन मागितला. मी शून्य खोडून मशीन रिकामी राहण्याचा रोज सरासरी सव्वा तास लिहिला होता आणि त्यामुळे शर्टाचा दर वाढवला होता.

"हा सव्वा तास माझ्या गळ्यात कशाला?" तो म्हणाला.

"मग सकाळी साडेनऊला येऊन बसून दाखवा," मी म्हटलं.

तासभर ओढाताण झाली. दरातली वाढ त्याने अर्धी मान्य केली आणि ऑर्डरही अर्धीच दिली, हजार शर्टांची. बाकीचं नंतर बघू म्हणाला. मला वाटतं, ते उरलेले हजार त्याने आधीच दुसरीकडे दिले होते.

सोमवारी मास्तर आला नाही. त्याची कात्री घ्यायला त्याचा जावई आला. मी विचारलं, ते कधी येणार? तो म्हणाला, "नाई येत ते." ऐंशी शर्टांबद्दल विचारलं म्हणून काय बिघडलं, असं मी बरेच दिवस म्हणत होते. आता कापड मी स्वतः कापते. बाया बंडल लपवत नाहीत. पण थानाच्या शेवटच्या तुकड्यात मला त्याच्यासारखी मापं बसवता येत नाहीत, आणि नव्या प्लॅनमध्ये वाया जाणारं कापड सहा टक्के लिहावं लागलं.