दुखेपर्यंत थांबू नका

माझी थोरली बहीण जेवणाच्या टेबलावर बसून लोकांच्या वेबसाइट बनवते. काम चोख, पण काम मागायचं म्हटलं की ताईच्या जिवावर येतं. दातांच्या डॉक्टरांची साइट तिने वेळेत करून दिली, तेव्हापासून त्यांचे निम्मे पेशंट वेळ ऑनलाइनच ठरवतात. आता त्यांना साइटच्या देखभालीचं काम सुचवायचं, तर आमच्या ताईबाईंनी मेलच्या मसुद्यात तीनदा माफी मागितली होती.

"चोरी केलीयस का त्यांच्याकडे?" मी म्हटलं आणि सगळं खोडायला लावलं. आधी त्यांना झालेला फायदा लिहिला, मग एकच नवी सेवा: दर महिन्याला अपडेट, बॅकअप आणि तपासणी. शेवटी पंधरा मिनिटं फोनवर बोलायची विनंती. एक वाक्य मात्र ताईने स्वतः घातलं आणि त्यावर ती भलतीच खूश होती: "दुखेपर्यंत थांबू नका, आधीच तपासून घेतलेलं बरं."

दहा मिनिटांत उत्तर आलं. "मॅडम, अगदी पटलं. तुमची दाढ भरल्यापासून मी तुम्हाला हेच वाक्य तीनदा पाठवलंय. उद्या येऊन खुर्चीत बसा, देखभालीचं तिथेच ठरवू."

ताई महिनाभर एकाच बाजूने चावतेय, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिने मेल पुन्हा वाचला.

"मी फोनवर बोलू म्हटलं होतं ना," ती गाल धरून म्हणाली. "त्यांना दाढ फोनवर नाही का बघता येणार?"