कोटाच्या खिशातला पुदिना
नवऱ्याच्या कोटाला अॅसिडिटीच्या गोळ्यांचा पुदिन्याचा वास आला आणि कॉर्क शहरातला तो रस्त्याचा चढ आठवला. शहराजवळच्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात कामावर असताना यंत्राचा काटा जरा हलला तरी तो अख्खी बॅच थांबवायचा, छातीतल्या जळजळीला मात्र "अॅसिडिटी आहे गं" म्हणायचा. मी रोज डॉक्टरांकडे जायचा विषय काढायचे, मग तो गोळ्या लपवायला लागला. त्या रविवारी मी चढावर एवढंच म्हणाले, "तू तीनदा थांबलास. थांबलं की जळजळ जाते. मला भीती वाटते. उद्या नऊची वेळ घेतलीये, मी सोबत येते." तो बंदराकडे बघत "चल" म्हणाला. डॉक्टरांनी ईसीजी बघून थेट हॉस्पिटलला पाठवलं, स्टेंट बसला. त्याला वर्ष झालं. खिशातलं गोळ्यांचं पाकीट मात्र नवं आहे. तो घरी येईपर्यंत मी या वेळी त्याच्याशी कसं बोलायचं, त्याचं पहिलं वाक्य जुळवत बसले आहे.