खो मिळेपर्यंत

शिष्यवृत्तीच्या अर्जात निबंध मागितला होता. खेळाने तुम्हाला कोणती शिस्त शिकवली, ते स्वतःच्या अनुभवातून पाचशे शब्दांत लिहा. पुण्याच्या कॉलेजात राहून खो-खो खेळायचा तर ही शिष्यवृत्ती मिळायलाच हवी होती. बाबांच्या माजलगावच्या किराणा दुकानावर घर चालत होतं, पुणे चाललं नसतं.

पहिला मसुदा मामाने सांगितला. मामा गावच्या राजकारणातला माणूस, त्याला माईक नसला तरी भाषण सुचतं. 'काळोखातून प्रकाशाकडे' असा मथळा, मग खांबाला वळसा घेताना गुडघ्यातून आलेला कट् आवाज, मग आईचे अश्रू आणि शेवटी माझी सगळी पदकं. "जरा गरिबीबी टाक," तो म्हणाला. मी टाकली. आईला वाचून दाखवलं तेव्हा तिने खरंच डोळे पुसले आणि मला वाटलं, झालं काम.

शाळेच्या मराठीच्या बाईंनी मात्र तो कागद वाचून बाजूला ठेवला. "लिगामेंटचं ऑपरेशन डॉक्टरांनी केलं. बीडला बाबा घेऊन जात होते. रडली आई. यात तू काय केलंस?"

माझं डोकं फिरलं. "मी काय करणार? मी बसले!" मी जवळजवळ ओरडलेच.

"मग ते लिही ना," बाई म्हणाल्या.

घरी येईपर्यंत राग उतरला नाही. पण जेवताना बाईंचं म्हणणं पटलं. बसणं म्हणजे काय, हे खो-खो खेळणाऱ्यालाच कळतं. पाठलाग करणाऱ्या मुली चौकोनात उकिडव्या बसतात. पळणारी हाताच्या अंतरावरून निसटते, तरी पाठीवर थाप आणि कानात 'खो' पडल्याशिवाय उठायचं नाही. उठलीस की फाऊल. दुखापतीआधी माझी ख्यातीच ती होती, लई वेगवान पण उतावळी. आमचे खो-खोचे सर म्हणायचे, "तुझ्या बुडाखाली निखारे हायेत का गं?"

दुसरा मसुदा तिथून सुरू केला. पडण्याला दोन ओळी दिल्या. पदकं सगळी काढली, गरिबी पण काढली. त्या जागी टॉवेल आला: गुडघ्याखाली गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून ती खाली दाबायची, धरायची, सोडायची. जी मुलगी सूर मारून गडी टिपायची, तिची सकाळ त्या टॉवेलवर जायची. पुढे पाय सरळ उचलण्याचा व्यायाम आला, तेव्हा बाबांनी दुकानातले मिठाचे पुडे कापडी पट्टीत शिवून घोट्याला बांधायला दिले. बरं वाटलं म्हणून मी परस्पर एक पुडा वाढवला, तर गुडघा सुजून टम्म झाला. बीडच्या फिजिओ मॅडम शांतपणे म्हणाल्या, "जास्त केलं म्हणजे चांगलं केलं, असं नसतं." हेही लिहिलं.

मग तो दिवस. विभागीय सामना आमच्याच मैदानावर होता. पाय दुखत नव्हता, पळता येत होतं. पण एका पायावर लांब उडी मारून दोन्ही पाय ताडून बघायची चाचणी असते, त्यात माझा डावा अजून बराच मागे होता. मॅडमनी परवानगी दिली नव्हती. सरांनी निर्णय माझ्यावर सोडला. मी ट्रॅकसूट न काढता बाहेर बसले आणि आमचा संघ एका गुणाने हरला. मागून कुणीतरी म्हणालं, "पाय बरा हाय की बे तिचा. भ्याली ती." कर्णधार मैत्रीण कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. फार लागलं मला ते. तरीही त्या दिवसाइतका अभिमान मला एकाही पदकाचा वाटत नाही, हे निबंधात तसंच लिहून टाकलं.

मामाने कपाळावर हात मारला. "खेळली न्हाई म्हणून कोण पैसं देतंय का?" मी तोच निबंध पाठवला.

मुलाखतीला बोलावणं आलं. तोवर मी ती उडीची चाचणी पार करून मैदानात परतले होते आणि उतावळेपणाचा एकही फाऊल माझ्या नावावर नव्हता. समितीतल्या एका सरांनी निबंध पुढे ठेवून विचारलं, "त्या दिवशी तुम्ही उतरला असता तर संघ जिंकला असता?"

"बहुतेक जिंकला असता."

"मग का नाही उतरलात?"

"सर, मला खो मिळाला नव्हता."

निवड झाल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होते. बाबा मीठ देत होते. त्यांनी पुडा हातातच धरला आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "पोरगी पुण्याला चाललीय. लोकांच्या पोरी पळून मिळवतात, माझीनं बसून मिळवलंय."