पोपटी साडीचा रिफंड

अकोल्याची ज्योत्स्ना एका खरेदी ॲपच्या ग्राहक सेवेत होती. सगळा रिफंड एकाच ठिकाणी मागणारी माणसं तिच्या डोक्यात जात. "पैसे जिथून आले, तिथंच आणि त्याच प्रमाणात परत जातात," हे ती दिवसातून पन्नासदा ठणकावायची.

एकदा तिनं दोन हजारांचा कुकर आणि हजाराची साडी मागवली. सहाशे गिफ्ट कार्डातून गेले, नऊशे तिच्या वॉलेटमधून आणि दीड हजार सासूबाईंच्या डेबिट कार्डावरून. साडी सासूबाईंनीच, म्हणजे जाईबाईंनी, हौसेनं निवडलेली. भडक पोपटी. ज्योत्स्नानं ती गुपचूप परत केली आणि हाताखालच्या अश्विनला गळ घातली, "पुरे हजार माह्या वॉलेटले टाक ना, भाऊ."

"मॅडम, नियम तुमीच शिकवला ना?" अश्विन म्हणाला. गिफ्ट कार्डात दोनशे आले, वॉलेटमध्ये तीनशे.

पाचव्या दिवशी जाईबाईंच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"साडी वापस केली, ते समजलं मले," त्या म्हणाल्या. "पन हजाराच्या साडीचे पाचशेच काहून आले वं? बाकीचे कोनं खाल्ले?"

ज्योत्स्ना सवयीनं बोलून गेली, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."