गळलेला परिच्छेद

ओळीखाली पोस्टकार्ड धरल्याशिवाय बाई काही वाचत नसत. मग ते भाषांतराला आलेलं पुस्तक असो, नाहीतर विजेचं बिल. म्हणायच्या, "डोळे लबाड असतात गं, मध्येच उडी मारतात."

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास लखनौत आम्ही शेजारी होतो. हिवाळ्यात धुकं विरलं की बाई गच्चीवर मराठीचं हिंदी करत बसायच्या. मी पेरू खात त्यांच्याकडे बघत राहायची. त्या उन्हात वेळ कुठे जाई, कळायचं नाही.

त्यांचे वडील रेल्वेत इंजिनिअर. त्यांनी आठवणी लिहिल्या होत्या, मराठीत. त्यात एक प्रसंग होता: पुलाची एक कमान कोसळली, खालचे लाकडी आधार लवकर काढले म्हणून. नोकरी गेली मुकादमाची. पुढच्याच परिच्छेदात वडिलांनी लिहिलं होतं: हुकूम माझा होता, चौकशीत मी गप्प बसलो.

मुकादम लखनौतच, आलमबागेत राहायचे, म्हातारे झाले होते. त्यांना मराठी कुठलं येतं? त्या चार ओळींसाठी बाईंनी अख्खं पुस्तक हिंदीत केलं. वडील तोवर गेले होते. छापून आल्यावर पहिली प्रत मुकादमांना दिली.

आठवड्याने बाई त्यांच्याकडे गेल्या, तर मुकादम भिंतीकडे बघत म्हणाले, "बड़े साहब ने जो लिखा, ठीक ही लिखा होगा."

बाई घरी आल्या त्या पांढऱ्याफटक. मूळ पुस्तक, कच्चा खर्डा, छापलेली प्रत, तिन्ही मांडून बसल्या. मराठीत दोन परिच्छेद "दुसऱ्या दिवशी सकाळी" असे सुरू होत होते. खर्ड्यात दोन्ही होते. पक्की प्रत उतरवताना नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेली, आणि पहिला, वडिलांच्या कबुलीचा, गळला. प्रुफं त्याच पक्क्या प्रतीशी ताडली, मग चूक सापडणार कशी?

"बाबांचं पुस्तक मला पाठ," त्या म्हणाल्या. "म्हणून पोस्टकार्ड धरलं नाही. त्या माणसाला मी दुसऱ्यांदा दोषी ठरवलं गं!"

प्रकाशक म्हणाला, "अगले संस्करण में देख लेंगे, दीदी." बाई हटल्या नाहीत. परिच्छेद वेगळ्या कागदावर छापून घेतला. बाइंडरकडच्या प्रतींत चिकटवला, मग वाचनालयं हिंडून तिथल्या प्रतींतही. मी डिंकाची बाटली धरायची.

बाई जाऊन आता खूप वर्षं झाली. माझ्या प्रतीतला तो कागद पिवळा पडलाय. पण बाई आठवतात त्या आलमबागेतल्या एका सकाळच्या. छपाईची वाट न बघता हाताने लिहिलेला परिच्छेद घेऊन आम्ही गेलो होतो. अंगणात धुकं होतं, मुकादम खाटेवर रजई पांघरून बसले होते. बाईंनी वाचून दाखवलं.



"गलती किसकी थी, ये तो हम उसी दिन से जानते थे, बिटिया," मुकादम म्हणाले. "साहब भी मानते थे, ये आज मालूम हुआ." मग रजई सारखी करून ताठ बसले. "फिर से पढ़ो."

बाईंनी डोळे पुसले आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं.